शिष्यांवरून गुरूंचा परिचय



आजचे सत्कारमूर्ती, साताऱ्याचे धनुर्विद्या-प्रशिक्षक श्री. प्रवीण सावंत यांचा परिचय करून देण्याचे काम आम्हांकडे आले आहे. पोलीस दलातील नोकरी सांभाळून उसाच्या शेतात धनुर्विद्येचे मैदान उभारणाऱ्या या गृहस्थांचे गुणवर्णन आम्ही करणार नाही. त्यांचे दोन शिष्य तेवढे आपणांपुढे उभे करतो.

बर्लिन हे नाव वऱ्हाडास नवे नाही. १९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविली होती. त्याच नगरीत ५ ऑगस्ट २०२३ रोजी साताऱ्याची अदिती स्वामी आणि आपल्या नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक स्पर्धेत एकाच दिवशी विश्वविजेते झाले.

अदिती ही गणिताच्या शिक्षकाची कन्या. आरंभीचे काही महिने तिने उसन्या धनुष्यावर काढले. पुढे वडिलांनी कर्ज काढून तिला धनुष्य घेऊन दिले. अंतिम सामन्यात अवघ्या सतरा वर्षांच्या या मुलीचे पंधरापैकी चौदा बाण दहा गुणांच्या वर्तुळात बसले, एक नऊवर गेला. ओजस पूर्वी स्केटिंग करीत असे. धनुर्विद्येसाठी तो नागपूर सोडून सावंतांकडे साताऱ्यास गेला. त्याचे पंधराही बाण दहावर बसले. पोलंडच्या प्रतिस्पर्ध्यास १४९ गुण मिळूनही हार पत्करावी लागली. ते वर्तुळ केवढे असते? पन्नास मीटरांवर अवघे आठ सेंटिमीटर. आपल्या शेंदूरजनाघाटच्या बागेतील एका चांगल्या संत्र्याएवढे!

येथे गुरूचे काम कोठे येते? या धनुष्याची चाके ओढीचा बराच भार स्वतःवर घेतात, म्हणून नेम धरणे त्या मानाने सोपे जाते. खरी अडचण बाण सोडण्यात आहे. नेम मध्यावर येताच शिष्य उतावीळपणे कळ दाबतो, हात किंचित हिसकतो आणि बाण वर्तुळाबाहेर जातो. म्हणून जाणता प्रशिक्षक लक्ष्याकडे न पाहता शिष्याच्या हाताकडे व खांद्याकडे पाहतो. यावर उपायही कंटाळवाणा आहे. चार पावलांवर कोरी गादी ठेवून, डोळे मिटून, केवळ पाठीच्या ओढीने कळ आपोआप सुटेपर्यंत शेकडो बाण सोडावयाचे. त्या दिवसांत गुण मिळत नाहीत, टाळ्याही मिळत नाहीत. शिष्याचा धीर टिकवून धरणे हेच तेव्हा गुरूचे काम असते.

एकदा मिळालेले यश दैवाचे म्हणता येईल. परंतु त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके मिळविली. अदितीने सांघिक सुवर्ण व वैयक्तिक कांस्यपदक मिळविले.

हा परिचय शिष्यांचा झाला; गुरूंचा निराळा करून द्यावा असे आम्हांस वाटत नाही. अध्यक्षमहाराजांनी आता शाल व श्रीफळ अर्पण करावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.