हिजरतीपासूनच वर्षे का मोजली गेली

हिजरी सनातील वर्षांची मोजणी इसवी सन ६२२ पासून होते, परंतु ती तेथून करावी असा निर्णय झाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी, दुसरे खलिफा उमर इब्न अल्-खत्ताब यांच्या कारकिर्दीत आणि प्रेषित महंमद यांच्या निधनानंतर पाच-सहा वर्षे उलटल्यावर. ही मोजणी ज्यांच्यापासून सुरू झाली असे सर्वसाधारणपणे समजले जाते, त्यांनी स्वतः ती सुरू केली नाही. कुरैश कुळाचा विरोध, यस्रिबच्या रहिवाशांशी अकबा येथे झालेला करार आणि मक्केहून यस्रिबला, म्हणजे नंतरच्या मदिनेला, झालेले स्थलांतर हा भाग श्रोत्यांना परिचित आहे, तेव्हा त्याची पुनरुक्ती येथे केलेली नाही. सनाचा जन्म दफ्तराच्या गरजेतून झाला, आणि म्हणूनच त्याच्या आरंभासाठी ज्या घटनेत अवघा समाज सहभागी होता अशीच घटना निवडली गेली, हे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

दफ्तराची गरज कशी निर्माण झाली हे सांगणारे दोन वृत्तांत अरबी इतिहासकारांनी जपून ठेवले आहेत. पहिल्या वृत्तांतानुसार बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अल्-अश्अरी यांनी खलिफांना कळवले की, मदिनेहून येणाऱ्या पत्रांवर काळाची नोंद नसते, त्यामुळे कोणता हुकूम आधीचा आणि कोणता नंतरचा हे ठरवता येत नाही. दुसऱ्या वृत्तांतानुसार उमर यांच्यासमोर देण्याचा एक दस्तऐवज आला, ज्याची मुदत शाबान महिन्यात भरत होती. तेव्हा त्यांनी विचारले की हा शाबान कोणता, गेलेला, चालू की येणारा? अशा प्रसंगी घेणेकऱ्याला तो गेलेला वाटतो आणि देणेकऱ्याला नेहमी पुढचाच, हे सभागृहातील व्यापारी मंडळींना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. (हशा) या दोन्ही वृत्तांतांत महिन्यांचा प्रश्न नव्हता, कारण मुहर्रमपासून जिल्हेजपर्यंतचे बारा चांद्रमास अरबांकडे आधीपासूनच होते. उणीव होती ती महिन्यांच्या मागे लावावयाच्या वर्षाच्या आकड्याची. मक्केतील व्यापारी ती उणीव एखाद्या मोठ्या घटनेच्या नावाने भरून काढत, उदाहरणार्थ अब्रहाच्या स्वारीचे ‘हत्तीचे वर्ष’. परंतु इराक, सीरिया आणि लवकरच इजिप्तमधून वसूल येऊ लागल्यावर एका शहराच्या स्मरणशक्तीवर हिशेब चालणे शक्य नव्हते.

उमर यांनी प्रेषितांच्या जुन्या सहकाऱ्यांची मसलत बोलावली. शेजारच्या राज्यांची एखादी गणना जशीच्या तशी घ्यावी, अशीही सूचना तेथे पुढे आली. सीरियात सिकंदराच्या नावाने चालणारा सेल्युकसाचा शक होता, ज्याचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये होतो. तो फार लांबचा आणि परका ठरला. इराणात राजाच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजत आणि नवा राजा आला की आकडा पुन्हा एकापासून सुरू होई. दीर्घ मुदतीच्या व्यवहाराला ही पद्धत निरुपयोगी होती. या पद्धतीचा शेवट कसा झाला त्याची खूण मुंबईच्या पारशी समाजात आजही दिसते, कारण शेवटचा सासानी राजा तिसरा यज्दगर्द ६३२ मध्ये गादीवर आला, ६५१ मध्ये मारला गेला, आणि त्याच्यामागे आकडा पुन्हा एकवर आणणारा राजा न उरल्याने त्याचीच वर्षे पुढे मोजली जात राहिली.

आरंभ स्वतःच्या इतिहासातून घ्यावयाचा असे ठरल्यावर चार पर्याय उरले: प्रेषितांचा जन्म, सुमारे ६१० मधील पहिले प्रकटीकरण, हिजरत म्हणजे मदिनेस झालेले स्थलांतर, आणि ६३२ मधील निधन. पंधराव्या शतकातील विद्वान इब्न हजर यांनी या निवडीची दिलेली कारणमीमांसा पुढे सर्वत्र रूढ झाली. जन्म आणि प्रकटीकरण यांच्या वर्षांबद्दल एकमत नव्हते, निधनाने शोकाची आठवण दरवर्षी ताजी झाली असती, म्हणून हिजरत उरली. ही मीमांसा बरोबर आहे, परंतु अपुरी आहे, कारण ती इतर पर्याय का गळले एवढेच सांगते. खुद्द उमर यांच्या नावे नोंदलेले कारण मात्र होकारार्थी आहे: हिजरतीने सत्य आणि असत्य यांना वेगळे केले, म्हणून तिच्यापासून मोजावे. हिजरतीची सूचना अली यांनी केली असेही एका वृत्तांतात येते.

या होकारार्थी कारणाचे वजन लक्षात येण्यासाठी मसलतीला बसलेल्यांकडे पाहावे लागते. प्रेषितांच्या जन्माचे साक्षीदार त्यांच्यात जवळजवळ नव्हते आणि पहिले प्रकटीकरण तर एका व्यक्तीला एकांतात झालेले होते. हिजरत मात्र त्यांच्यापैकी प्रत्येकाने स्वतः केली होती किंवा तिचे स्वागत केले होते. मक्का सोडून आलेल्यांना मुहाजिर आणि त्यांना आश्रय देणाऱ्या मदिनेकरांना अन्सार म्हणत, आणि समाजातील प्रतिष्ठा या दोन नावांवर ठरत असे. उमर यांनी त्याच सुमारास ‘दिवान’ म्हणजे वेतनपात्र लोकांची नोंदवही तयार करवली, तीत कोण किती आधी आला आणि कोणत्या लढाईत होता यावर वार्षिक वेतनाची श्रेणी लावलेली होती. हिजरतीपासूनचे अंतर हे अशा रीतीने पैशाच्या हिशेबात आधीच मोजले जात होते. शिवाय, अल्-बिरूनी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथात असे नोंदवले आहे की मदिनेतील दहा वर्षांना लोकांनी स्वतंत्र नावे दिलेली होती, पहिले ‘परवानगीचे’ आणि दहावे ‘निरोपाचे’. मसलतीने त्या नावांच्या जागी आकडे घातले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतलाच पाहिजे, की हे सर्व वृत्तांत घटनेनंतर शतक-दीड शतकाने आणि त्याहूनही उशिरा लिहिले गेले, तेव्हा ते मागाहून रचलेले नसतील कशावरून? त्याचे उत्तर व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील एका पपायरसावर, म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्यापासून केलेल्या पत्रावर, मिळते. पपायरसाचा उल्लेख ओझरता करण्याचे योजले होते, परंतु तो पुरावा पुऱ्या तपशिलाने मांडण्यासारखा आहे. इजिप्तमधील अह्नास, ग्रीक नावाने हेराक्लिओपोलिस, येथे अब्दुल्ला इब्न जाबिर या अरब सरदाराने आपल्या जहाजांवरील लोकांसाठी, घोडेस्वारांसाठी आणि पायदळासाठी मेंढ्या घेतल्या, प्रथम ५० आणि नंतर १५, आणि त्या ६५ मेंढ्यांची पावती स्थानिक अधिकाऱ्यांना दिली. पावती दोन भाषांत आहे. ग्रीक भागात योहान नावाच्या लेखकाने फार्मुथी महिन्याचा तिसावा दिवस आणि पहिले इंडिक्शन अशी तारीख घातली. इंडिक्शन म्हणजे रोमन करआकारणीच्या पंधरा वर्षांच्या चक्रातील वर्षाचा क्रमांक. अरबी भागात इब्न हदीद या लेखकाने ‘जमादिलावल, वर्ष बावीस’ असे लिहिले.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मसलतीतील प्रश्न डोळ्यांसमोर उभा राहतो. पहिले इंडिक्शन दर पंधरा वर्षांनी परत येते, तेव्हा एकट्या ग्रीक तारखेवरून ती पावती ६२८ ची, ६४३ ची की ६५८ ची हे कळत नाही. शाबान कोणता, हाच तो प्रश्न. अरबी आकडा परत येत नाही. त्याच्या साह्याने ग्रीक तारीख २५ एप्रिल ६४३ अशी निश्चित होते, आणि तेथून एकवीस चांद्रवर्षे व सुमारे पाच महिने मागे गेल्यास हिजरी पहिल्या वर्षाची १ मुहर्रम येते, ती १६ जुलै ६२२, शुक्रवार. सूर्याच्या मानाने हे अंतर वीस वर्षे नऊ महिन्यांचेच भरते, कारण चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असून ते दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते. पावतीत हिजरत हा शब्द नाही, नुसते ‘वर्ष’ आहे. म्हणून निवडीचे कारण तिच्यावरून सिद्ध होत नाही, परंतु मसलतीनंतर पाच-सहा वर्षांच्या आत ही गणना इजिप्तमधल्या एका तालुक्याच्या कचेरीत मेंढ्यांच्या हिशेबासाठी चालू होती, एवढे निर्विवाद सिद्ध होते. दफ्तराने मागितलेला सन दफ्तरात पोचला होता.

अध्यक्षांनी वेळेची सूचना दिलेली असल्याने दोन मुद्दे आटोपशीर मांडणे भाग आहे. पहिला मुद्दा मुहर्रमचा. प्रेषित मदिनेच्या वेशीवरील कुबा येथे पोचले ते रबिलावल महिन्यात, म्हणजे सप्टेंबर ६२२ मध्ये. १ मुहर्रम ही हिजरतीची तारीख असल्याचे दरवर्षी छापून येते, ते चूक आहे. वर्षाचा आरंभ दोन महिने मागे नेला गेला, कारण हजचे यात्रेकरू जिल्हेजनंतर परततात आणि मुहर्रममध्ये नवा कारभार सुरू करणे सोयीचे होते. शिवाय अकबाचा करार जिल्हेजमध्ये झाला असल्याने स्थलांतराचा निश्चय झाल्यानंतरचा पहिला चंद्र मुहर्रमचाच होता, असे इब्न हजर यांनी दाखवले आहे. मोजणीचा आरंभ समाजाने केलेल्या निश्चयाशी जोडण्याची ही युक्ती प्रस्तुत प्रतिपादनाला बळ देणारी आहे.

दुसरा मुद्दा महाराष्ट्राचा, ज्यासाठी खरे तर वेगळे व्याख्यान हवे. प्राचीन अरब अधिक महिना धरून चांद्रवर्ष ऋतूंशी जुळवत; ‘नसी’ नावाची ती प्रथा ६३२ मध्ये बंद झाली, आणि त्यामुळे पिकांवर बसवलेला सारा हिजरी वर्षाने वसूल करणे अवघड झाले. दख्खनमध्ये चौदाव्या शतकात यावर शुहूर सन हा तोडगा निघाला: हिजरी ७४५ चा आकडा तसाच उचलून पुढची वर्षे मृग नक्षत्रापासून सौरमानाने मोजली गेली. पानिपतच्या लढाईच्या वेळी, जानेवारी १७६१ मध्ये, हिजरी सन ११७४ होता आणि मराठी दफ्तरात शुहूर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. चार शतकांत पडलेले तेरा वर्षांचे अंतर दरवर्षीच्या त्या अकरा दिवसांचे आहे. पेशव्यांच्या कारकुनांनी सौर वर्षाच्या त्या आकड्याशेजारी दिवस मात्र ‘छ’ लिहून रजब-शाबानाच्या चंद्राने घातला, म्हणून अशा कागदाची इसवी तारीख काढताना शुहूर आकड्यात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात.

शेतसाऱ्याच्या कामी हा सन बदलावा लागला, तरी त्याचा आरंभ कोणी बदलला नाही. राजा मेला की राजाचे वर्ष संपते आणि करचक्र पंधरा वर्षांनी पुन्हा एकवर येते. हिजरतीचे वर्ष कोणत्याही गादीवर अवलंबून नव्हते, म्हणून उमर यांच्यानंतर खलिफा बदलले, घराणी बदलली, राजधानी दमास्कसला आणि तेथून बगदादला गेली, तरी प्रत्येक नव्या दफ्तराने मागच्या दफ्तराच्या आकड्यापुढेच आपला आकडा लिहिला.