छायाचित्रातील बारीक अक्षर आणि अंतराचे गणित



पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जमिनीचे काम निघाले की एक-चौदाचा उतारा लागतो. आता पुष्कळजण त्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून वकिलाकडे किंवा परगावच्या भावाकडे पाठवितात. तेथे पोटविभागाचा ३ हा ८ वाचला गेला, तर शोध दुसऱ्याच जमिनीचा सुरू होतो. ही चूक बहुधा डोळ्यांची नसते. ती अंतराची असते.

छायाचित्र लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. 8 हा इंग्रजी आकडा पाहा. त्यात वरपासून खालपर्यंत तीन रेघा आणि दोन पोकळ्या, असे पाच थर असतात. प्रत्येक थराला निदान दोन पिक्सेल हवेत. म्हणजे आकड्याच्या उंचीत दहा. परंतु रेघा पिक्सेलांच्या ओळींवर नेमक्या बसत नाहीत आणि हातही थोडा हलतो. म्हणून खात्रीच्या वाचनासाठी वीस पिक्सेल धरावेत. सहा पिक्सेलांत पोकळ्या बुजतात आणि 3, 6, 8 सारखेच दिसू लागतात. देवनागरीत प्रथम अनुस्वार नाहीसा होतो, मग घ आणि ध यांतील भेद जातो.

आता अंतर पाहू. बारा मेगापिक्सेलच्या सर्वसाधारण मोबाइलचे चित्र ४००० बाय ३००० पिक्सेलांचे असते. त्याच्या मुख्य भिंगातून ३० सेंटिमीटरवरून सुमारे ४०० मिलिमीटर लांबीचा भाग दिसतो. म्हणजे एका मिलिमीटरला दहा पिक्सेल आले. उताऱ्यावरील बारीक आकडा दोन मिलिमीटर उंच धरला, तर त्याला वीस पिक्सेल मिळतात. अंतर ६० सेंटिमीटर केले की दहाच उरतात, आणि एक मीटरवर केवळ सहा. अंतर दुप्पट झाले की पिक्सेल निम्मे होतात. नंतर चित्र पडद्यावर कितीही मोठे केले, तरी गेलेला तपशील परत येत नाही.

म्हणून अक्षर फारच बारीक असेल, तर मोबाइल आडवा धरून सुमारे २० सेंटिमीटरवरून पानाच्या वरच्या व खालच्या भागाची दोन चित्रे घ्यावीत. दहा सेंटिमीटरच्या आत मात्र बहुतेक भिंगांना स्पष्ट प्रतिमा मिळत नाही. तेथे पिक्सेल वाढूनही अक्षर पुसट येते. कागद तिरपा असल्यास त्याची दूरची कडा कमी पिक्सेलांत उमटते.

पाठवितानाही हानी होते. संदेशसेवेने चित्राची लांबी १६०० पिक्सेलांवर आणली, तर वीस पिक्सेलांचा आकडा आठ पिक्सेलांचा होतो. तेव्हा मूळ चित्र दस्तऐवज म्हणून पाठवावे.

पाठविण्यापूर्वी चित्र मोठे करून सर्वांत बारीक 8 पाहावा. त्याच्या दोन्ही पोकळ्या मोकळ्या दिसत नसतील, तर जवळ जाऊन पुन्हा चित्र घ्यावे.