फोटोतली अक्षरं: भाषांतर नेमकं कशाचं करायचं?

(भागाचा लिखित मजकूर)

आज एका फोटोची गोष्ट सांगतो. त्या फोटोत मजकूर असा फारसा नाहीच. मागच्या भिंतीवर थोडी अक्षरं आहेत, बस. पण तेवढ्यावरून आमच्या अकलूजमध्ये एक चुकीचा फ्लेक्स लागणार होता, आणि त्यात माझाही हात होता.

मी पुण्यात नोकरी करतो, सुट्टीला गावी आलो होतो. शाळेतला एक मित्र भेटायला आला. त्याचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. घरात त्यांचा एकच फोटो. गणवेशातला माणूस भिंतीपुढे उभा, आणि त्याच्या खांद्यामागून भिंतीवर मोठी इंग्रजीसारखी अक्षरं: एन, सी, ई, आर, ई, एम, ओ. पुण्यतिथीला मोठा फ्लेक्स करायचा ठरलेला. खाली ओळही तयार होती, "एनसेरेमोच्या लढाईतील वीर". मित्र म्हणाला, "अरे, गावाचं नाव बरोबर आहे ना, तेवढं बघ. उद्या छापायला द्यायचंय."

मी नकाशावर शोधलं, तर असं गावच सापडेना. मग ऑफिसमधला एक सहकारी आठवला. तो तीन वर्षं इटलीत राहून आलाय. त्याला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "याचं भाषांतर करून दे." त्याचं उत्तर आलं, "याचं म्हणजे कशाचं? मला दोन ठिकाणी अक्षरं दिसतायत. आणि हे कशासाठी हवंय?"

मी चमकलो. परत फोटो बघितला. खरंच, दाराच्या वर एक बारीक पाटी होती, ती माझ्या नजरेतून सुटली होती. मला वाटलं होतं फोटो म्हणजे एक मजकूर. पण अशा फोटोत मजकूर हा विषयच नसतो, तो मागे सहज आलेला असतो. त्यामुळे बघणाऱ्याला आपोआप कळत नाही की आपल्याला भिंत वाचायची आहे, पाटी वाचायची आहे की दुसरंच काही हवंय. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मजकूर वाचायची सोय असते, तिचंही तेच. ती दिसेल ती अक्षरं उचलते, विटांच्या रेघांनाही कधी अक्षरं समजते. तुम्हाला काय हवंय हे तिला माहीत नसतं.

म्हणून त्याने मला एक साधं काम लावलं. गॅलरीत फोटो उघडायचा, एडिटमधल्या पेनने प्रत्येक अक्षरांच्या जागेभोवती गोल काढायचा आणि त्याला नंबर द्यायचा. १ म्हणजे भिंत, २ म्हणजे दारावरची पाटी. मग मित्राला विचारायचं, "तुला कुठला नंबर हवाय, आणि त्यातून काय कळायला हवंय?" दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मित्राचं उत्तर आलं, "मला कुठलाच नंबर नको रे. फोटो कुठे काढलाय ते पाहिजे."

म्हणजे मागणी भाषांतराची नव्हतीच, ठिकाणाची होती.

सहकाऱ्याने मग मूळ फोटो मागितला. मी पाठवलेला फोटो काचेवरून काढलेला, त्यात ट्यूबलाइट चमकत होती, आणि व्हॉट्सअ‍ॅपने तो आणखी दाबून लहान केलेला. त्याने सांगितलं, फ्रेममधून काढ, फ्लॅश बंद कर, खिडकीजवळ तिरक्या उजेडात घे, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणजे बारकावे जात नाहीत. आजीची परवानगी घेऊन आम्ही फ्रेमच्या मागच्या खिळ्या हळूच उघडल्या.

तोपर्यंत त्याने भिंतीचं काम सुरू केलं होतं. आधी फोटो उलटा छापलेला नाही ना, ते पाहिलं. एन आणि आर ही अक्षरं आरशात बघितल्यासारखी दिसली असती तर तसं कळलं असतं. ती सरळ होती. मग प्रश्न असा, की शब्द एन पासून सुरू होतो का? खांद्यामागे काही लपलंय का? खांद्याच्या दुसऱ्या बाजूला भिंत मोकळी होती. मधल्या झाकलेल्या जागेची रुंदी शेजारच्या अक्षरांशी मोजली, तर साधारण दीड अक्षर भरली. एक पूर्ण रुंद अक्षर आणि एक बारीक, म्हणजे व्ही आणि आय. शब्द झाला "विन्चेरेमो". इटालियनमध्ये त्याचा अर्थ, "आम्ही जिंकू".

आणि तो गावाचा शब्द नाही. १० जून १९४० ला मुसोलिनीने युद्धात उतरल्याची घोषणा केली, त्या भाषणात हा शब्द होता. फॅसिस्ट राजवटीत असल्या घोषणा भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या असत. म्हणजे पणजोबा ज्यांच्याविरुद्ध लढायला गेले, त्यांचीच घोषणा आम्ही त्यांच्या नावाखाली छापणार होतो, तीही लढाईचं ठिकाण म्हणून!

दारावरच्या पाटीवर होतं "साली ए ताबाक्की", म्हणजे मीठ आणि तंबाखू. तिकडे या दोन्ही गोष्टींची विक्री सरकारी मक्तेदारीत असे, आणि परवाना असलेल्या दुकानावर अशी पाटी लागे. अशी दुकानं गावोगाव होती. ठिकाण कळायला तिचाही उपयोग नव्हता.

आता फ्रेम उघडल्यावर काय निघालं, ते. फोटोच्या पाठीमागे शिसपेन्सिलने तीन ओळी होत्या, मोडीत. घरात कुणालाच माहीत नव्हतं. वर कोपऱ्यात वेगळ्या हातानं "१४" लिहिलेलं. अकलूजमध्येच जुने जमिनीचे कागद वाचणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे गेलो. या वेळी मी आधी नंबर घातले आणि विचारलं, "काका, ३ नंबरच्या या तीन ओळी वाचायच्या आहेत. कोपऱ्यातला आकडा त्यातलाच आहे का?" ते म्हणाले, "नाही रे बाळा, तो फोटोवाल्याचा दिसतोय. तो सोड." मोडीला भाषांतर लागलं नाही, मराठीच होती. लिपी तेवढी बदलायची होती. मजकूर एवढाच: मुक्काम इटली, मी खुशाल आहे, मुलांना शाळेत घाला.

आजीने तिसरी ओळ दोनदा वाचायला लावली.

गावाचं नाव तिथेही नाही. ते स्वाभाविक आहे, कारण युद्धात सैनिकांच्या पत्रांवर सेन्सॉर असे आणि ठिकाण लिहायला मनाई असे. मित्र म्हणाला, "मग मोंटोने लिहू का? आपल्या यशवंत घाडगेंचं स्मारक तिथे आहे." नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथल्या टायबर खोऱ्यात लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे खरं. पण मराठा पलटणी इटलीत अनेक ठिकाणी लढल्या. या फोटोत मोंटोनेचा पुरावा नाही. मी नको म्हणालो.

शेवटी फ्लेक्सवर "इटली" एवढंच आलं, आणि खाली त्यांच्याच हातच्या ओळी. छापायच्या आधी मी मित्राला एक मेसेज पाठवला होता, तो वाचून दाखवतो: "१, भिंत: शत्रूची घोषणा, फ्लेक्सवर क्रॉप कर. २, पाटी: दुकानाची, छापायची गरज नाही. ३, पाठीमागच्या ओळी: हाच मजकूर. ४, कोपऱ्यातला आकडा: सोडला. बरोबर ना?" त्याचं "हो" आल्यावरच फाईल गेली.

तुमच्या घरात असा फोटो असेल तर भाषांतर मागण्याआधी तो एकदा उलटा करून बघा. भेटू पुढच्या भागात.