खातं बाईचं, नंबर कुणाचा?

(ब्रह्मपुरी येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे पैसे खात्यात येऊ लागले, तसं अनेकींना स्वतःच्या फोनवर भीम ॲप सुरू करायचं आहे. खातं जोडताना ॲप आपल्या सिमवरून एक मेसेज पाठवतं. बँकेत तोच नंबर नोंदलेला असेल तरच खातं सापडतं. गाडी अडते ती इथं.

समजा, जनधन खातं उघडताना नवऱ्याचा नंबर दिला होता. मग बाईच्या फोनवर तिचं खातं सापडत नाही, त्याच्या फोनवर मात्र सापडतं. तिचं कार्ड हाती असलं, तर पिन ठरवण्याचा ओटीपीही त्याच्याकडेच जातो.

म्हणून आधी पासबुक आणि आधार घेऊन स्वतः शाखेत जा, नंबर बदलण्याचा अर्ज द्या. बदल झाला की सिममध्ये मेसेजपुरता बॅलन्स ठेवून ॲपमध्ये बँक निवडा. कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि आलेला ओटीपी भरा. मग पिन स्वतः ठरवा, कुणाला सांगू नका.

पैसे देताना, शिल्लक बघताना पिन लागतो. पैसे घेताना कधीच लागत नाही. घेण्यासाठी पिन मागणारा ठगच समजा.

पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकीनं शाखेत एकच गोष्ट विचारून यावं: माझ्या खात्याला कुणाचा नंबर आहे?