तीन कोटेशनं आणि मधल्या रिकाम्या जागा



आज आपण बोलणार आहोत ठेकेदाराच्या कोटेशनबद्दल. घराची दुरुस्ती असो की गटाच्या शेडची, तीन कोटेशनं मागवायची हे आता आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कागद आले की आपली नजर सरळ खाली, एकूण रकमेवर जाते. पण तिन्ही कागद एकाच कामाचे आहेत का, हे खालच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी ओळीला ओळ लावून बघावं लागतं. आमच्या गटांच्या मसाला केंद्राच्या भिंतीचं काम निघालं तेव्हा आम्ही हे कसं केलं, तेच आज सांगतो.

आमचं केंद्र एका दुमजली इमारतीत आहे. आपल्याकडे पावसाळ्याचा मारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंतीचं प्लास्टर फुगलं होतं. हातोडीच्या दांड्याने ठोकलं की पोकळ आवाज यायचा. भिंत 40 फूट लांब आणि 22 फूट उंच, म्हणजे 880 चौरस फूट. जुनं प्लास्टर काढायचं, नवं करायचं आणि वरून रंग द्यायचा, असं काम. तीन कोटेशनं आली. पहिलं 61 हजारांचं, दुसरं 74 हजारांचं आणि तिसरं 80 हजार 500 रुपयांचं. बैठकीत बहुतेक जणी लगेच म्हणाल्या, "पहिलाच घ्या की! एकोणीस हजार वाचतात."

आम्ही तिन्ही कागद बाजूला ठेवले आणि आधी एक कोरा कागद घेतला. भिंतीसमोर उभं राहून, काम पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कसं होईल ते क्रमाने लिहिलं. आधी परांची बांधायची. मग जुनं प्लास्टर तोडायचं. पडलेला राडारोडा उचलून न्यायचा. भिंत धुऊन नवं प्लास्टर करायचं. त्यावर निदान सात दिवस पाणी मारायचं. प्लास्टर वाळलं की रंग. शेवटी परांची सोडायची आणि जागा झाडून द्यायची. ही झाली डावीकडची यादी. तिच्या उजवीकडे तीन ठेकेदारांचे तीन रकाने आखले.

यादी आधी आपण करायची, याला कारण आहे. ठेकेदाराच्या कागदावरून यादी केली तर त्याने जे लिहिलं नाही ते आपल्यालाही सुचत नाही.

मग प्रत्येक रकाना भरला. रक्कम दिली असेल तिथे रक्कम, "यात धरलं आहे" असं लिहिलं असेल तिथे बरोबरची खूण, आणि काहीच नसेल तिथे प्रश्नचिन्ह. रिकाम्या जागेला शून्य लिहायचं नाही. शून्य म्हणजे फुकट. रिकामं म्हणजे त्याचे पैसे कोण देणार हे अजून ठरलेलं नाही.

पहिल्या कागदावर एकच ओळ होती: "मागील भिंतीचे प्लास्टर व रंगकाम, माल-मजुरीसह." परांचीसमोर प्रश्नचिन्ह, राडारोड्यासमोर प्रश्नचिन्ह. दुसऱ्या कागदावर परांचीची ओळ होती, पण पुढे लिहिलं होतं "15 दिवस". आणि राडारोड्याबद्दल लिहिलं होतं, "आवारात जमा करून देऊ." तिसऱ्यात सगळ्या ओळी होत्या.

आता हे शब्द नीट ऐका. "जमा करून देऊ" म्हणजे ढीग लावून देऊ. तो उचलून नेणं वेगळं. आमच्या भिंतीचा ढीग केवढा होईल? प्लास्टर साधारण एक इंच जाड धरलं तर 880 चौरस फुटांचे सुमारे 73 घनफूट होतात. तोडलेला माल भुसभुशीत होऊन वाढतो, म्हणजे जवळजवळ 100 घनफूट, एक ब्रास. ट्रॅक्टरची एक ट्रॉली भरेल एवढा. तो गटारीच्या कडेला पडून राहिला आणि वरून पाऊस झाला तर गटार तुंबणार. आम्ही ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. भरायची मजुरी धरून त्याने 5 हजार सांगितले.

परांचीचं गणित आणखी वेगळं आहे. नव्या प्लास्टरवर लगेच रंग देत नाहीत. पाणी मारून झाल्यावर ते चांगलं वाळावं लागतं, सगळं मिळून तीन-चार आठवडे जातात. ओल्या भिंतीवर रंग दिला तर तो पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणजे 15 दिवसांची परांची प्लास्टरपुरतीच झाली. रंगासाठी ती पुन्हा बांधायची, त्याचे 5 हजार वेगळे. पहिल्या ठेकेदाराच्या कामात परांची मुळातच नव्हती, त्यामुळे तिथे पहिल्या वेळचे 8 हजार आणि रंगाच्या वेळचे 5 हजार, असे 13 हजार पडत होते. आणि परांचीचा प्रश्न नुसता पैशाचा नाही. तिचे पैसे कुणी धरले नाहीत तर गवंडी शिडीवर किंवा पिंपांवर फळी टाकून बावीस फूट चढतो. पडला तर माणूस जातो.

प्रश्नचिन्हांची यादी करून आम्ही तिघांनाही तेच प्रश्न लिहून पाठवले आणि उत्तरंही लेखी मागितली. त्यात आणखी एक विचारलं, प्लास्टर किती थरांचं? बाहेरच्या, पाऊस लागणाऱ्या भिंतीला दोन थर लागतात. दोघांनी दोन थर धरले होते. पहिल्याने एकच धरला होता, दुसऱ्या थराचे 7 हजार जास्त लागतील म्हणाला.

आता बेरीज करून बघा. पहिल्याचे 61 हजार, परांचीचे 13, राडारोड्याचे 5, दुसऱ्या थराचे 7, झाले 86 हजार. दुसऱ्याचे 74 हजार, रंगाच्या परांचीचे 5, राडारोड्याचे 5, झाले 84 हजार. तिसऱ्याचे 80 हजार 500 तेवढेच राहिले. सगळ्यात महाग दिसणारा कागद सगळ्यात स्वस्त निघाला.

यात पहिला ठेकेदार लबाड होता असं नाही. गावाकडे बांबू-बल्ल्या आणि ट्रॅक्टर घरमालकानेच बघायचे, अशी अनेक गवंड्यांची सवय असते. तो त्याच हिशोबाने लिहितो. तुमच्या घरी बल्ल्या पडून असतील, भावाचा ट्रॅक्टर असेल, तर तोच तुम्हाला स्वस्त पडेल. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

हा तक्ता काय सांगत नाही, तेही लक्षात असू द्या. गवंड्याचा हात कसा आहे ते त्यात दिसत नाही. त्यासाठी त्याने दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी केलेली भिंत जाऊन बघायची आणि ठोकून बघायची. शिवाय प्लास्टर काढल्यावर आतल्या विटा खराब निघाल्या तर काम वाढतं. म्हणून वाढीव कामाचा दर चौरस फुटाला किती, हे आधीच लिहून घ्यायचं.

काम देताना आम्ही तो तक्ता करारालाच जोडला. "परांची रंग पूर्ण होईपर्यंत" आणि "राडारोडा आवाराबाहेर वाहून नेणे" ही दोन वाक्यं त्यात घातली. शेवटचा हप्ता राडारोडा उचलल्यावर द्यायचा ठरवला. भिंत मृगाच्या आधी रंगवून हवी असेल तर प्लास्टर एप्रिलमध्येच उरकायला हवं. म्हणजे कोटेशनं मागवायची ती शिमग्याच्या आसपास.