दोन गाईंसाठी सहा गुंठे लसूणघास



ज्यांच्या दारात एक-दोन दुभत्या गाई आहेत आणि विहिरीला उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरते, अशी पुष्कळ कुटुंबे आपल्या समाजात आहेत. दुधाच्या हिशेबात त्यांना जड जाते ती पेंड. हा भार काही अंशी लसूणघासाने उतरतो. हिंदीत ह्यालाच रिजका म्हणतात. तो किती जमिनीत लावावा, कसा कापावा आणि गाईला किती घालावा, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

प्रथम हिशेब पाहू. ओल्या लसूणघासात सुमारे चार हिस्से पाणी व एक हिस्सा कोरडा अंश असतो, आणि त्या कोरड्या अंशात शेकडा 20 च्या आसपास प्रथिने असतात. म्हणजे 10 किलो ओल्या घासातून गाईला सुमारे 400 ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढी प्रथिने भुईमुगाच्या पेंडीतून द्यायची तर जवळजवळ 900 ग्रॅम पेंड लागेल. मात्र घास पेंडीची जागा घेतो, धान्याची नव्हे. दूध देण्यास जी शक्ती लागते ती भरड्यातून व इतर चाऱ्यातूनच यावी लागते. म्हणून घास सुरू केला की भरडाही बंद, असे करू नये.

दोन गाईंना रोज 20 किलो घास हवा. कापल्यापासून तोच घास पुन्हा कापणीला येण्यास साधारण 28 दिवस लागतात. म्हणजे एका फेरीत 560 किलो घास पाहिजे. चांगल्या रानात एका कापणीला चौरस मीटरमागे एक किलो धरण्यास हरकत नाही. तेव्हा साडेपाच गुंठे पुरतात. थोडी सूट ठेवून सहा गुंठे धरावे. ह्या सहा गुंठ्यांचे चार सारखे वाफे पाडावे, आणि प्रत्येक वाफ्याचे मनाशी सात पट्टे कल्पावे. रोज एक पट्टा कापला की सात दिवसांत एक वाफा व अठ्ठावीस दिवसांत चारही वाफे पुरे होतात, आणि तोवर पहिला पट्टा पुन्हा तयार असतो.

हे चक्र पेरणीपासूनच बसवावे लागते. चारही वाफे एकाच दिवशी पेरले तर सारा घास एकदम फुलावर येतो आणि शेवटचा वाफा हाती येईतो त्याच्या काड्या राठ होतात. म्हणून पहिला वाफा 15 ऑक्टोबरच्या सुमारास पेरावा आणि पुढचे तीन आठवड्या-आठवड्याच्या अंतराने. पहिली कापणी पेरणीनंतर सुमारे 55 दिवसांनी येते, म्हणजे पहिल्या वाफ्यात ती 9 डिसेंबरच्या आसपास सुरू होईल. त्यानंतर वाफे ओळीने तयार होत जातील.

माळव्याच्या काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा ही पहिली अट आहे. लसूणघासाचे मूळ खोल जाते आणि एकदा लावलेला बहुवर्षायू घास तीन-चार वर्षे टिकतो. पण पाणी साचले की मूळ कुजते. म्हणून सखल तुकडा निवडू नये, वाफे किंचित उताराचे ठेवावे आणि खालच्या अंगाला चर काढावा. बी अगदी बारीक असल्याने ढेकळे पुरती फोडावी. सहा गुंठ्यांना दोन-तीन गाड्या कुजलेले शेणखत व सुमारे 30 किलो सुपर फॉस्फेट पुरे होते. बी दीड किलो लागते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आर.एल.-88 हा बहुवर्षायू वाण आहे. बियाला लसूणघासाचेच जिवाणू खत चोळावे, म्हणजे मुळांवर गाठी धरून पीक हवेतले नत्र घेते. ओळींत एक फूट अंतर ठेवावे आणि बी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. खोल गेलेले बी वर येत नाही.

बी खात्रीचेच घ्यावे, कारण त्यात अमरवेलीचे बी मिसळलेले असू शकते. घासावर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे दिसले की ती अमरवेल समजावी. ती फुलण्यापूर्वी तेवढा भाग कडेच्या हातभर घासासह कापून, बाहेर नेऊन जाळावा. तो घास गोठ्यात टाकू नये; नाहीतर शेणखतातून बी पुन्हा रानात येते.

पेरल्याबरोबर हलके पाणी द्यावे, आणि चार-सहा दिवसांनी दुसरे, म्हणजे वरचा थर कडक होत नाही. पुढे हिवाळ्यात बारा-चौदा दिवसांनी व उन्हाळ्यात आठवड्याने पाणी लागते. वाफा कापून संपला की त्याला पाणी द्यावे. कापणीच्या तोंडावर देऊ नये. पाण्याची गरज घासच सांगतो. पाने काळसर-निळी दिसू लागली आणि दुपारी माना टाकू लागली की तहान आहे. उलट ओलावा असूनही पाने पिवळी पडली, तर पाणी जास्त झाले असे समजून मूळ उपटून पाहावे.

कापणीची खरी खूण दिवस नसून फूल आहे. दहा झाडांत एखाद्यावर फूल दिसले की विळा घालावा. त्याआधी वरचेवर कापले तर मुळात साठा राहत नाही आणि घास विरळ होतो. फार उशीर केला तर काडी वाढते, पाने गळतात व प्रथिने घटतात. कापताना दोन-तीन इंच बुडखा ठेवावा, कारण नवे फुटवे तिथूनच येतात. कडक थंडीत हेच अंतर 32 ते 35 दिवसांवर जाते. पावसाळ्यात तणाचा व पाण्याचा जोर असल्याने ह्या सहा गुंठ्यांवर पुरता भरवसा ठेवू नये. तेव्हा इतर हिरवा चारा असतोच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोवळा, दवाने ओला घास उपाशी गाईने भरपूर खाल्ला तर पोटात फेस होतो, वायू त्यात अडकतो आणि गाय फुगते. म्हणून चार नेम पाळावे. आधी गव्हाचा भुसा किंवा कडबा घालावा, मग घास. घास काही तास सुकवून, भुशात मिसळून द्यावा. मात्र ओल्या घासाचा ढीग करू नये, तो तापतो. प्रारंभ दोन-तीन किलोंनी करून आठ-दहा दिवसांत वाढवावे. आणि गाईमागे दिवसाला 10 किलो, तेही दोन वेळांत वाटून, ही मर्यादा ओलांडू नये. गाभण गाईला व्यायच्या आधीचे तीन आठवडे घास अगदी कमी किंवा बंद ठेवावा. त्यात कॅल्शियम व पोटॅशियम फार असल्याने व्याल्यावर दुग्धज्वराचा धोका वाढतो.

डावी कूस फुगून ढोलासारखी वाजू लागली, गाय पोटाला लाथा मारू लागली, तोंड उघडून श्वास घेऊ लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्याला बोलवावे. तो येईपर्यंत गाय चढाकडे तोंड करून उभी ठेवावी. ती नीट गिळत असेल तर पाव लिटरच्या आत गोडे तेल तोंडाच्या बाजूने, थांबत थांबत पाजावे. जीभ ओढून धरू नये. तेल श्वासनळीत जाते. तेलाने फेस मोडतो, परंतु ते वैद्याची जागा घेत नाही.

ज्यांना घास लावायचा असेल त्यांनी दसऱ्यापूर्वी निचऱ्याचा तुकडा निवडून वाफे आखून ठेवावे. जमिनीविषयी शंका असल्यास धारच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.