तांड्यावरील मूल मराठी शाळेंत

हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकडा हें केळीच्या बागांचें गांव. या कळमनुरी तालुक्यांत बंजारा समाजाचे तांडे आहेत, आणि तेथील घराघरांत गोरमाटी बोलली जाते. राजस्थानी बोलींशीं नातें सांगणारी ही भाषा मराठीच्या शेजारीं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. तरी आईला ‘याडी’ आणि भाकरीला ‘बाटी’ म्हणणाऱ्या मुलाला शाळेंतील मराठी परकेंच वाटतें. ‘वात’ म्हणजे त्याच्या घरीं बोलणें. शाळेंत मात्र ती समईंतील वात होते!

अशा तांड्यावरील आठ वर्षांची एक मुलगी येथील शाळेंत नव्यानें आली आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. तिला मराठी येत नाहीं म्हणून पहिलींत बसविणें सोपें वाटेल; परंतु तिची भाषा नवी आहे, बुद्धि नव्हे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याची दृष्टिही वयानुरूप वर्गाचीच आहे.

पहिल्या दिवशीं तिच्या हातीं सहाच चित्रें द्यावींत: पाणी, लघवीला जाणें, पोट दुखणें, पाटी, घर आणि ‘समजलें नाहीं’. चित्र दाखवून तिला आपली गरज सांगतां येते. मग शिक्षकानें एकेक चित्र धरून आधीं तिचा शब्द विचारावा, आणि नंतर पुरें मराठी वाक्य म्हणावें: ‘मला पाणी हवें.’ वाक्य कानांत मुरल्यावरच चित्राखालीं अक्षरें लिहावींत.

चित्रही फसवितें. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई दाखविली, तर मूल विहीर पाहील, बाई पाहील किंवा शेंदणें पाहील. म्हणून एका चित्रांत एकच वस्तु असावी. क्रिया दाखवावयाची तर तीन चित्रें क्रमानें मांडावींत.

जोडीला दोन मुली नेमाव्यात: एक गोरमाटी जाणणारी, दुसरी केवळ मराठी बोलणारी. त्यांनीं आठवड्याआड पाळी घ्यावी, म्हणजे एकीवरच भार पडत नाहीं. पान दाखविणें, सूचना पुन्हा सावकाश सांगणें आणि खेळांत सोबत नेणें एवढेंच त्यांचें काम. तिच्या वतीनें उत्तर देणें नव्हे. प्रश्न नवीला आणि उत्तर सोबतिणीकडून, असें होऊं लागलें कीं सोबतीण दुभाषी झाली असें समजावें, आणि नवीला चित्र उचलून उत्तर देण्यास अवधि द्यावा.

सुरुवातीचे कांहीं आठवडे ती गप्प राहील. तें ऐकण्याचें मौन असूं शकतें. ‘पाटी आण’ म्हणतांच ती उठली, तर भाषा आंत शिरत आहे. उलट फळ्यावरचें सुबक उतरवून घेणें हा समजल्याचा पुरावा नव्हे. चित्रांचा क्रम मोडून ‘घर कोणतें?’ असें विचारल्यावर खरें काय तें कळतें.

‘म्हणून’, ‘परंतु’, ‘जर’ यांचीं मात्र चित्रें काढतां येत नाहींत. येथें गोरमाटी जाणणाऱ्या सोबतिणीनें तोच अर्थ घरच्या बोलींत सांगावा. वर्गांत गोरमाटीला मज्जाव केला, तर हा एकच पूल मोडतो.